तोंड मिटलेला पंखा

चाचणीच्या कोठीचं लोखंडी दार बंद झालं की वहिनींना भीती वाटायची. इतकी वर्षं झाली, तरी वाटायची. ती जावी असं त्यांना वाटतही नसे. फिरत्या चाकाची भीती ज्याला वाटेनाशी झाली त्याने चाकाजवळ उभं राहू नये, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्या कोणाला सांगत नसत.

वहिनी म्हणजे पंख्यांच्या कारखान्यातल्या चाचणी विभागाच्या इंजिनिअर. पूर्वी त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. त्यांचे धाकटे दीर इथे फिटर म्हणून लागले, पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत "वहिनी, डबा विसरलात" अशी हाक मारली, आणि त्या दिवसापासून अख्खा कारखाना वहिनी म्हणायला लागला. निवृत्तीला आलेले विभागप्रमुख साहेबसुद्धा.

"साहेब, निदान तुम्ही तरी," वहिनी एकदा म्हणाल्या होत्या.

"का? मी काय दीर शोभत नाही?" साहेब म्हणाले होते. "केस गेलेत फक्त."

आजचा पंखा मोठा होता. डोंगरातल्या रस्त्याच्या बोगद्यातून धूर ओढून बाहेर टाकायचा, पुरुषभर उंचीच्या चाकाचा. बोगद्यात तो मिनिटाला हजार फेऱ्यांनी आयुष्यभर फिरणार होता, म्हणून इथे त्याला बाराशे फेऱ्यांपर्यंत नेऊन काही वेळ तिथेच ठेवायचं होतं. जड वजन पेलणाऱ्या दोरीला आधी जास्तीचं वजन बांधून बघतात, तसंच.

चाकाला फिरवायला वीज नव्हती. कोठीत साहेबांनी तरुणपणी बसवलेलं एक हवेचं टर्बाइन होतं. मागच्या टाकीतली दाबाखालची हवा त्याच्यावर सोडायची की ते पंख्याच्या चाकाला ढकलायला लागे. दाब ठरवून दिला की ढकलण्याचा जोरही ठरून जाई आणि या वेगांपर्यंत तो जवळजवळ तेवढाच राही. वेग कुठे थांबायचा ते मात्र टर्बाइन ठरवत नसे. ते हवा ठरवे.

भावजी नोकरीला लागले तेव्हा वहिनींनी हे त्यांना जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितलं होतं.

"ढकलणारा जोर सारखाच. पण पाती हवा उपसतात, ती हवा चाकाला अडवते. वेग दुप्पट झाला की अडवणारा जोर चौपट. सुरुवातीला अडवायला कोणीच नसतं, म्हणून वेग सरळ रेघेत वाढतो. मग अडवणारा जोर वाढत जातो, उरलेला जोर कमी कमी होतो, रेघ वाकायला लागते. आणि दोन्ही जोर सारखे झाले की वाढ संपली. त्याच्या पुढे चाक जातच नाही."

"म्हणजे पगार आणि खर्च," भावजी म्हणाले.

"तसंच म्हणा."

"मग यात गणित कुठे आलं?"

"कुठल्या क्षणी किती वेग असेल हे सांगण्यात. वेगाची वाढ वेगावरच अवलंबून, म्हणून त्याचं विकलक समीकरण मांडायचं आणि सोडवायचं. उत्तरात एक वाकलेली रेघ येते. वाढ संपते त्या छताजवळ जाते, जवळ जाते, पण टेकत नाही."

"आमच्या लग्नाच्या बोलण्यासारखी," भावजी म्हणाले आणि डब्यातली वहिनींची भाजी आपल्याकडे ओढली.

साहेबांचा त्या छतावर फार विश्वास. वेग हाताबाहेर गेला तर हवा आपोआप तोडणारी कळ बसवावी, असं वहिनींनी त्यांना दोनदा सुचवलं होतं. साहेब म्हणत, "कळ बिघडते, वायर तुटते. हवा कधी रजेवर जाते का? तिच्यासारखा राखणदार नाही." आणि खरोखरच, इतक्या वर्षांत हवा रजेवर गेली नव्हती.

आज टर्बाइनची हवा सोडायच्या खोलीत भावजी एकटेच होते. तिथला जुना माणूस गेल्याच आठवड्यात निवृत्त झाला, आणि त्या जागेसाठी वहिनींनीच भावजींचं नाव सुचवलं. त्याआधी भावजी गावोगावी फिरून कारखान्याने लोकांकडे बसवलेले पंखे चालू करून देत. महिना महिना घरी नसत. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुझ्या नजरेसमोर राहू दे गं त्याला. हाताचा सोन्यासारखा आहे, पण डोकं घाईचं." वहिनींनी तेव्हा शब्द दिला होता. शब्द दिला की तो पाळायचा, एवढं एकच मोठं व्रत त्यांच्याकडे होतं. बाकीची लहान होती.

कोठीच्या एका अंगाला वहिनींची खोली, दुसऱ्या अंगाला, थेट टर्बाइनजवळ, भावजींची. दोघांनाही कोठीत बघायला जाड काचेची एकेक खिडकी. भावजींच्या हातात हवेचा चाकी फिरवायचा व्हॉल्व्ह आणि दाबाचा काटा. वेगाचा आकडा फक्त वहिनींच्या पडद्यावर. टर्बाइनच्या किंकाळीत फोन ऐकू येत नाही, म्हणून भावजींच्या खिडकीसमोर कोठीच्या आतल्या भिंतीवर दोन दिवे लावलेले. हिरवा म्हणजे वेग स्थिरावला. लाल म्हणजे हवा बंद कर.

"सोडा," वहिनी फोनमध्ये म्हणाल्या.

"सोडली," भावजी म्हणाले. त्यांनी कानांवर जाड टोप्या चढवल्याचा आवाज आला आणि फोन ठेवला गेला.

पडद्यावर दोन रेघा होत्या. फिकट रेघ वहिनींनी आधीच काढून ठेवलेली, समीकरणातून आलेली. गडद रेघ खरी, आत्ता उमटत जाणारी. सुरुवातीला वेगात दर सेकंदाला बारा फेऱ्यांची भर पडत होती. फिकट रेघेतही बाराच. गडद रेघ फिकट रेघेवर अशी बसली की खालची दिसेना.

"बघा," साहेब समाधानाने म्हणाले. "तुमचं गणित आणि माझं टर्बाइन. जुळी भावंडं."

वहिनींचे ओठ किंचित हलत होते. चाक वर चढत असताना त्या मनात देवाचं नाव घेत. साहेबांना ते माहीत होतं, म्हणून ते उत्तराची वाट बघत नसत.

तीनशे. चारशे. गडद रेघ फिकट रेघेच्या किंचित वर सरकली. केसाएवढी.

"दाब जरा जास्त सोडलेला दिसतोय," साहेब म्हणाले.

वहिनींनी दाबाचा आकडा पाहिला. दाब ठरल्याप्रमाणेच होता. आणि जोर जास्त असता तर रेघ पहिल्या क्षणापासून जास्त तिरकी निघाली असती. तशी ती निघाली नव्हती. बारा म्हणजे बाराच होती.

पाचशे. सहाशे.

सहाशे हा वहिनींचा आकडा होता. छत बाराशे असेल तर सहाशेवर अडवणारा जोर पुरेपूर जोराच्या पावपट होतो, म्हणून वाढीचा वेग पाऊण उरायला हवा. बाराचे नऊ. प्रत्येक चाचणीत त्या इथे नऊ बघत आणि मगच पाठ टेकून बसत.

पडद्यावर सव्वाअकरा होते.

वहिनींना पहिल्यांदा वाटलं की आपलंच चुकलं. हे त्यांना नेहमीच आधी वाटे. पण भीती गणिताच्या पुढे धावली. बारातून फक्त पाऊण गेला, म्हणजे सोळावा हिस्सा. म्हणजे हा वेग छताच्या अर्ध्यावर नाही, पावावर आहे. म्हणजे छत बाराशे नाहीच.

"साहेब," त्या म्हणाल्या. "हे चाक चोवीसशेकडे निघालंय."

"वळेल हो. सुरुवात सरळच असते."

"सुरुवात संपली. हे सहाशे आहेत. इथे नऊ हवे होते."

साहेब पुढे वाकले. त्यांनी आकडा बघितला, मग पुन्हा बघितला. ते हुशार होते, आणि हे छत त्यांनीच बांधलं होतं, त्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांच्या कपाळावरची शीर उठली.

"हवा कमी अडवतेय," ते म्हणाले. "का? हवा तीच आहे. पाती तीच आहेत."

वहिनींनी लाल दिव्याचं बटण दाबलं आणि खिडकीतून कोठीत पाहिलं, भावजींचा हात व्हॉल्व्हकडे जातोय का ते बघायला.

समोर काहीच नव्हतं. पांढरं.

कोठी धुक्याने भरली होती. टर्बाइनमधून निघणारी हवा फुगताना थंड पडते, तिच्यातली वाफ गोठून धुकं होतं. हे नेहमीचंच. पण ते धुकं कधी साठत नसे. पंखा आपल्या तोंडाने कोठीतली हवा ओढून धुराड्यातून बाहेर फेकी, आणि त्याबरोबर धुकंही निघून जाई. आज ते जागचं हलत नव्हतं. कोणी त्याला ओढतच नव्हतं.

वहिनी साहेबांकडे वळल्या.

"तोंड बंद आहे," त्या म्हणाल्या. "पंख्याचं तोंड बंद आहे."

या पंख्याला त्याची स्वतःची झडप होती. बोगद्यासाठी मागवलेली, तोंडावरच बसवलेली; तिचा दांडा भिंतीतून भावजींच्या खोलीत आलेला, तो ओढून ती उघडायची. आजवर कोठीत आलेल्या एकाही पंख्याला अशी झडप नव्हती, म्हणून चाचणीच्या सूचनांमध्ये तिचं नाव नव्हतं. लिहायचं वहिनींना सुचलंच नव्हतं. आणि भावजी बाहेर सतत विजेच्या मोटरवरचे पंखे चालू करून आलेले. मोटरवरचा पंखा तोंड मिटूनच चालू करतात. तोंड मिटलेला पंखा हलका चालतो, मोटरवर भार येत नाही. वेगावर आला की मग झडप उघडायची. शहाणा, जपून काम करणारा फिटर हेच करतो. मोटरचा वेग विजेने बांधलेला असतो, भार हलका झाला म्हणून ती उधळत नाही.

इथे वेग कशाने बांधलेला नव्हता. फक्त हवेने. आणि हवेला भावजींनी दाराबाहेर उभं केलं होतं.

घरात धूळ ओढायच्या यंत्राने गालिचा साफ करताना नळीत मोजा अडकला की यंत्राचा आवाज चढायचा. सासूबाई म्हणायच्या, "बंद कर, दमलं बिचारं." दमलेलं नसे. त्याला अडवणारं कोणी उरलेलं नसे.

"दिवा त्यांना दिसत नाहीये," वहिनी म्हणाल्या. "ते हिरव्याची वाट बघत बसलेत."

साहेबांनी फोन उचलला. पलीकडे घंटा वाजत राहिली. कानांवर टोप्या.

"मी टाकी भरणारा कॉम्प्रेसर बंद करतो," साहेब उठत म्हणाले. "पण टाकीत हवा आहे. ती पुरेल त्याला."

पुरेल, म्हणजे चाक फुटायला. ते त्यांनी म्हटलं नाही. आकडा नऊशेच्या पुढे गेला होता.

वहिनी दार ढकलून बोळात आल्या.

बोळ कोठीच्या भिंतीला धरून जात होता आणि मध्यावर जमिनीवर पिवळा पट्टा रंगवलेला होता, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. चाक फुटलं तर तुकडे त्याच्या परिघातून सरळ सुटतात. ज्या रेषेत ते सुटतील, ती रेषा इथून जात होती. चाचणी चालू असताना या पट्ट्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, हा नियम वहिनींनीच केला होता, आणि तो मोडला म्हणून त्यांनी एकदा चहावाल्यालाही रागे भरलं होतं, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे हळू आवाजात. भिंत जाड होती. पण ती जुन्या, लहान चाकांसाठी बांधलेली.

आवाज आता भिंतीतून येत होता. शिट्टीसारखा, आणि प्रत्येक क्षणाला थोडा वर. त्या आवाजावरूनच त्यांना वेग कळत होता आणि तो कळू नये असं वाटत होतं. हजारच्या वर. बाराशे. बाराशेवर थांब. देवा, बाराशेवर थांबव. आवाज बाराशेवरून असा वर गेला, जसं तिथे काही नव्हतंच.

पट्ट्यापाशी त्या थांबल्या. खरंच थांबल्या. पाय उचलेना. पुढे त्या कधी कोणाला हे सांगणार नव्हत्या, पण त्या क्षणी त्यांच्या मनात सासूबाईही नव्हत्या आणि भावजीही नव्हते, फक्त आपली पाठ, आपली मान, आपलं डोकं होतं. मग त्यांनी डोळे मिटले, नाव घेतलं आणि पट्टा ओलांडला.

भावजींच्या खोलीचं दार त्यांनी दोन्ही हातांनी ढकललं.

भावजी खिडकीच्या काचेला नाक लावून उभे होते. बाहीने काच पुसत होते, पण धुकं काचेच्या पलीकडे होतं. त्यांचा डावा हात झडपेच्या दांड्यावर होता. त्यांना चाकाचा आवाज कानांवरच्या टोप्यांतूनही खटकला असावा, कारण त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ते वळले, वहिनींना बघून चपापले.

वहिनींनी बोलण्यात वेळ घालवला नाही. त्या व्हॉल्व्हवर जवळजवळ पडल्या. चाकी जड होती. भावजींना अर्धा क्षण लागला, मग त्यांचे दोन हात त्यांच्या दोन हातांवर आले आणि चाकी फिरायला लागली. फिरली, फिरली, बसली. टर्बाइनची किंकाळी तुटली.

पण शिट्टी राहिली. ती चाकाची होती. आता त्याला कोणी ढकलत नव्हतं, आणि थांबवतही कोणी नव्हतं.

आणि त्या शिट्टीच्या खाली दुसरा आवाज सुरू झाला होता. धड धड धड, जमिनीतून, तळपायांना कळणारा. चाक थरथरत होतं. कुठेतरी काहीतरी सैल झालं होतं.

भावजींनी टोप्या काढून फेकल्या. "झडप उघडतो," ते ओरडले. "हवा आत गेली की लगेच थांबेल."

त्यांनी दांडा धरला. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं.

"नको."

"वहिनी, सोडा. मीच बंद केलीये. मी उघडतो."

"भावजी, नको म्हणते ना."

त्या ओरडल्या नव्हत्या. त्यांना ओरडता येत नसे. पण त्यांची नखं भावजींच्या मनगटात रुतली होती, आणि भावजी थांबले.

फोन वाजला. वहिनींनी दुसऱ्या हाताने उचलला. साहेब होते, धापा टाकत, पडद्यासमोर परत आलेले.

"चौदाशे," साहेब म्हणाले. "चौदाशेला पोचलं होतं. आता उतरतंय. हळू."

"किती हळू?"

"सेकंदाला चारेक."

वहिनींनी मनात मांडलं. बाराशेचं चौदाशे, म्हणजे वेग सहाव्या हिश्श्याने जास्त. पण चाकाला फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त. इतका ताण या चाकाने कधी पाहिलेला नव्हता, आणि त्याने तो मुकाट्याने सोसला नाही हे पायांखालून कळत होतं.

"भावजी, ऐका," त्या म्हणाल्या. "आत्ता पात्यांवर हवा नाही. झडप उघडली की हवेचा भार एकदम चौपट होईल. या वेगाला तो चाचणीच्या भारापेक्षाही जास्त. एखाद्या पात्याचं मूळ हललं असेल, तर त्याच्यावर एका झटक्यात."

"मग काय करायचं?"

"उतरू द्यायचं."

"किती वेळ?"

याचं उत्तर वहिनींना नको इतकं माहीत होतं. ढकलणारा जोर गेला की समीकरणात एकटा अडवणारा उरतो, आणि तो वेगाच्या वर्गाएवढा. म्हणजे चाक उतरेल तसा तोही दमत जाणार. वेग पहिल्यांदा निम्मा व्हायला जेवढा वेळ, पुढचा निम्मा व्हायला त्याच्या दुप्पट. झडप उघडी असती तर चाक कधीच निम्म्यावर आलं असतं. मिटलेली होती म्हणून चौपट वेळ.

"हजारावर येईपर्यंत," त्या म्हणाल्या. "हजाराचा भार त्याला सोसवतो. तोपर्यंत हात लावायचा नाही."

"तुम्ही जा इथून," भावजी म्हणाले. "मी लावत नाही हात. तुम्ही जा."

"आणि तुम्ही लावलात तर?"

वहिनी जाणार नव्हत्या. बाहेर जायला पुन्हा त्या पट्ट्यावरूनच जावं लागलं असतं, हेही होतं. पण ते कारण नव्हतं.

"तेराशे," साहेब फोनमध्ये म्हणाले.

धडधड वाढली. भिंतीवर टांगलेला पाना हुकावरून सुटून खाली पडला आणि दोघंही एकमेकांना धरून खाली बसले. त्यांना वाटलं, झालं. झालं नव्हतं. पाना जमिनीवर थरथरत गोल फिरत होता. भावजी त्याच्याकडे बघत हसले. रडल्यासारखं हसले.

"आईला काय सांगणार होतात?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मी गेलो असतो तर."

"गप्प बसा."

"घाई केली नाही हो मी. जपूनच केलं. भार नको पडायला म्हणून मिटली झडप."

"माहितेय मला."

"बाराशे चाळीस," साहेब म्हणाले. मग बराच वेळ नुसता त्यांचा श्वास. "बाराशे."

बाराशे. जिथे ते थांबायला हवं होतं, तिथून ते उलट्या दिशेने खाली चाललं होतं. वहिनींनी डोळे मिटले. त्या रोज ठरलेला जप करीत, एकही कमी नाही की जास्त नाही. आज त्या मोजत नव्हत्या.

अकराशे यायला त्याहून जास्त वेळ लागला. हजारपन्नास यायला तर असं वाटलं की साहेबांचा फोनच बंद पडला. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा उशिरा येत होता. हे असंच होणार हे गणिताने माहीत असूनही अंगाला माहीत नव्हतं.

"हजार," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

वहिनींनी मनगट सोडलं. त्यावर चार चंद्रकोरी उमटल्या होत्या.

"आता," त्या म्हणाल्या. "अगदी थोडी. बोटभर."

भावजींनी दांडा ओढला, बोटभर. कोठीत सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. धडधड बदलली, जड झाली, पण चढली नाही. शिट्टी खाली उतरायला लागली.

"नऊशे," साहेब म्हणाले. "आठशे साठ. वहिनी, झपाट्याने उतरतंय."

"अजून बोटभर," वहिनी म्हणाल्या.

खिडकीतलं धुकं हललं. आधी एका बाजूने, मग सगळंच, चाकाच्या तोंडाकडे वाहायला लागलं. आणि त्यातून समोरच्या भिंतीवरचा दिवा दिसायला लागला. लाल. केव्हापासूनचा पेटलेला.

चाक थांबल्यावरही बराच वेळ कोणी कोठीचं दार उघडलं नाही. मग साहेबांनीच उघडलं. तिघं आत गेले. साहेबांनी बॅटरीचा झोत चाकावर टाकला आणि ते हाताने फिरवत एकेक पातं बघत गेले. एका पात्याच्या मुळाशी, जिथे ते तबकडीला वेल्ड केलेलं, तिथे केसासारखी रेघ होती. करंगळीएवढी लांब. तिच्या कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता.

साहेब खाली बसले. तिथेच, ओल्या जमिनीवर. त्यांनी झडपेकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, भावजींकडे बघितलं.

"उद्या कळ बसवून घ्या," ते वहिनींना म्हणाले. "आपोआप तोडणारी. मी सही करतो."

"हो."

"मी म्हणायचो, हवा रजेवर जात नाही."

"ती गेली नव्हती, साहेब," वहिनी म्हणाल्या. "तिला आत घेतलं नव्हतं आपण. सूचनांमध्ये लिहायचं माझं राहिलं."

भावजी भिंतीला टेकून उभे होते. "माझी नोकरी राहिली का?" त्यांनी विचारलं.

"दीर आहेस तू आमचा," साहेब म्हणाले. "जाशील कुठे?" आणि उठायला त्यांनी भावजींकडे हात केला. भावजींनी तो धरला.

संध्याकाळी घरी दोघं एकत्रच आले. सासूबाईंनी दार उघडलं, दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"आज उशीर?"

"काम होतं," वहिनी म्हणाल्या.

"उकडतंय केवढं. बसा, पंखा लावते."

सासूबाईंनी भिंतीवरचं बटण दाबलं. छताचा पंखा कुरकुरला, हलला, पाती एकेक दिसत होती ती मिसळायला लागली. वहिनी पर्स हातात तशीच धरून वर बघत राहिल्या. शेजारी भावजीही. त्यांनी बाही खाली ओढून मनगट झाकलं होतं. पंख्याचा वेग वाढत गेला, वाढत गेला, वाढ कमी झाली. आवाज एका जागी येऊन राहिला. त्याच्यापुढे गेला नाही.

तरी दोघं बघतच होते.

"वर काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई," भावजी म्हणाले. "जरा कमी कर ना."

"अरे, आत्ता तर लावला."

"कर ना."

सासूबाई काहीतरी पुटपुटत बटणाकडे गेल्या. वहिनी देवापाशी दिवा लावायला वळल्या. काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली. तिसऱ्या काडीला त्यांनी उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं, मगाशी भावजींचं धरलं होतं तसं, आणि मग वात पेटली.